रक्ताचे रिपोर्ट जुळे, लघवीचे परके: रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस कसा ओळखतात

दोन पेशंट. दोघांनाही अशक्तपणा, दोघांचंही पोटॅशियम कमी, दोघांच्याही रक्तात आम्ल वाढलेलं. पहिली ३४ वर्षांची बाई आहे. काही महिन्यांपासून पायात जोर नाही, आणि मागे दोनदा मुतखड्याचा त्रास होऊन गेलाय. दुसरा ४१ वर्षांचा माणूस. त्याला कित्येक आठवडे जुलाब होताहेत, पण पाणी आणि मीठ व्यवस्थित पोटात जातंय, त्यामुळे तो सुकलेला दिसत नाही.

बाईंचा रक्ताचा रिपोर्ट असा: सोडियम १३९, पोटॅशियम २.४, क्लोराइड ११५, बायकार्बोनेट १३. ब्लड गॅसमध्ये पीएच ७.२९ आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब, म्हणजे पीसीओटू, २८. त्या माणसाचा रिपोर्ट: सोडियम १३८, पोटॅशियम २.७, क्लोराइड ११४, बायकार्बोनेट १३, पीएच ७.३०, पीसीओटू २७. क्रिएटिनिन आणि अल्ब्युमिन दोघांचंही नॉर्मल. नावं झाकून हे दोन कागद समोर ठेवले तर कोणता कुणाचा हे सांगणं अवघड आहे. तरीही एकीला रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस आहे, म्हणजे तिच्या किडनीतल्या बारीक नळ्यांना आम्लाचा समतोल राखता येत नाही, आणि दुसऱ्याची किडनी जिवाच्या आकांताने काम करतेय. हा फरक रक्तात दिसत नाही, लघवीत दिसतो. पण लघवीकडे वळण्याआधी रक्ताचे आकडे नीट वाचून घ्यायला हवेत, कारण पुढच्या बऱ्याच चुकांची सुरुवात तिथेच होते.

आधी ब्लड गॅस

बायकार्बोनेट कमी दिसलं की लगेच ‘मेटाबॉलिक ॲसिडोसिस’ लिहून मोकळं व्हायची सवय अनेकांना असते. पण बायकार्बोनेट दोन कारणांनी कमी होतं. एकतर शरीरात आम्ल वाढलंय किंवा बायकार्बोनेट वाया गेलंय. हा झाला मेटाबॉलिक ॲसिडोसिस. नाहीतर माणूस बरेच दिवस जास्त जोरात श्वास घेतोय, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड कमी झालाय आणि किडनीने समतोल राखायला स्वतःहून बायकार्बोनेट सोडून दिलंय. याला क्रॉनिक रेस्पिरेटरी अल्कलोसिस म्हणतात.

दुसऱ्या प्रकारात बायकार्बोनेट १७, क्लोराइड ११२ असे आकडे सहज येतात आणि ते रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिससारखेच दिसतात. भरीस भर म्हणजे किडनी आम्ल टाकतेय का हे सांगणारा लघवीचा हिशेब, युरिन ॲनायन गॅप, जो पुढे येईलच, तोही अशा माणसात किडनीच्या आजारासारखा पॉझिटिव्ह येतो, कारण त्याच्या किडनीला आम्ल बाहेर टाकायची गरजच नसते. ब्लड गॅस केला नाही तर हा माणूस चुकीच्या निदानाच्या रांगेत जाऊन बसतो आणि त्याला सोडा देणं सुरू होतं. ब्लड गॅस केला तर पीसीओटू २५ आणि पीएच ७.४५ दिसतो, आणि प्रश्न तिथेच मिटतो. आपल्या दोन्ही पेशंटचा पीएच ७.३५ च्या खाली आहे, म्हणजे त्यांचा ॲसिडोसिस खरा आहे.

पुढचा प्रश्न: फुप्फुसं त्याला योग्य प्रतिसाद देताहेत का? आम्ल वाढलं की माणूस जोरात श्वास घेतो आणि पीसीओटू खाली येतो. किती यावा याचा एक साधा हिशेब आहे, विंटर्सचं सूत्र:

अपेक्षित पीसीओटू = १.५ × बायकार्बोनेट + ८ (दोन इकडे-तिकडे)

बायकार्बोनेट १३ असेल तर १९.५ अधिक ८, म्हणजे साधारण २७.५. बाईंचा २८ आहे, माणसाचा २७. दोन्ही बरोबर बसतात. पण समजा बाईंचा पीसीओटू ३६ आला असता, तर? नॉर्मल रेंज ३५ ते ४५ असल्यामुळे लॅबच्या कागदावर तो आकडा ठळक झाला नसता आणि कुणी त्याकडे पाहिलंही नसतं. खरं तर तो धोक्याचा इशारा आहे. पोटॅशियम फार उतरलं की श्वासाचे स्नायूही थकतात, आणि २८ पर्यंत यायला हवा होता तो पीसीओटू ३६ वरच अडकतो. अशा पेशंटला वॉर्डात सोडून चालत नाही.

आता ॲनायन गॅप. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा करायचं. बाईंचा १३९ − ११५ − १३ = ११. माणसाचा १३८ − ११४ − १३ = ११. बहुतेक लॅबमध्ये ८ ते १२ हा नॉर्मल धरतात. अल्ब्युमिन कमी असेल तर हा गॅप खोटा लहान दिसतो. ४ च्या खाली अल्ब्युमिन दर एक ग्रॅमने उतरलं की हिशेबात अडीच मिळवायचे. इथे अल्ब्युमिन ठीक आहे, त्यामुळे ११ म्हणजे ११च.

या एका आकड्याने कारणांची अर्धी यादी गळून पडते. लॅक्टिक ॲसिडोसिस, मधुमेहातला कीटोॲसिडोसिस, मिथेनॉलची विषबाधा, बरीच पुढे गेलेली किडनी फेल्युअर: या सगळ्यांत रक्तात एखादं नवं आम्ल साचतं, त्याचा ऋणभार मोजला जात नाही आणि गॅप वाढतो. आपल्या पेशंटमध्ये तसं काही साचलेलं नाही. बायकार्बोनेट गेलं आणि त्याची जागा क्लोराइडने घेतली, इतकंच झालंय. अशा नॉर्मल गॅपच्या ॲसिडोसिसमागे मुख्य संशयित दोनच उरतात: आतडं आणि किडनी. सलाइनचा मारा, लघवीचा मार्ग आतड्याला जोडलेली शस्त्रक्रिया, ॲसिटाझोलामाइडसारखी औषधं ही कारणंही आहेत, पण ती पेशंटच्या इतिहासातूनच कळतात.

किडनी आम्ल बाहेर टाकते कशी

सगळं निदान ज्यावर उभं आहे ती गोष्ट एकच: अमोनियम. किडनी आम्ल मोकळ्या स्वरूपात फारसं बाहेर टाकू शकत नाही. लघवी कितीही आंबट केली तरी तसं जाणारं आम्ल नगण्यच असतं. म्हणून ती ग्लुटामिनपासून अमोनिया बनवते, आणि त्या अमोनियावर आम्लाचा हायड्रोजन बसला की अमोनियम होऊन तो लघवीतून जातो. तब्येत ठीक असताना दिवसाला ३० ते ४० मिलीइक्विव्हॅलंट अमोनियम जातो. ॲसिडोसिस काही दिवस टिकला की निरोगी किडनी हे प्रमाण दोनशेच्याही वर नेते.

मग कळीचा प्रश्न असा: या पेशंटच्या लघवीत अमोनियम वाढलाय का? वाढला असेल तर किडनी आपलं काम करतेय आणि दोष दुसरीकडे आहे. वाढला नसेल तर दोषी किडनीच.

अडचण अशी की लघवीतला अमोनियम थेट मोजायची सोय बहुतेक लॅबमध्ये नसते. रक्तातल्या अमोनियाचं यंत्र वापरून, लघवी बरीच पातळ करून, तो मोजता येतो आणि काही लॅब ते करतातही. पण सरसकट नाही. म्हणून आडवाटेने जायचं. लघवीत धनभार आणि ऋणभार समसमान असतात. धनभाराच्या बाजूला सोडियम, पोटॅशियम आणि अमोनियम हे मोठे गडी. ऋणभाराच्या बाजूला मोठा गडी क्लोराइड. अमोनियम जाताना बहुधा क्लोराइडला सोबत घेऊन जातो. त्यामुळे अमोनियम भरपूर असेल तर क्लोराइड हा सोडियम आणि पोटॅशियमच्या बेरजेपेक्षा जास्त भरतो. यावरून निघालेलं सूत्र:

युरिन ॲनायन गॅप = सोडियम + पोटॅशियम − क्लोराइड

उत्तर ठळक निगेटिव्ह आलं तर अमोनियम भरपूर. पॉझिटिव्ह आलं तर अमोनियम तुटपुंजा. डॅनियल बाटले आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये हायपरक्लोरेमिक ॲसिडोसिसच्या निदानात ही पद्धत मांडली आणि ती रुळली, कारण तिला लागतात फक्त तीन आकडे आणि ते कोणतीही लॅब देते.

दोन्ही लघव्या समोरासमोर

बाईंची लघवी: सोडियम ४८, पोटॅशियम ३६, क्लोराइड ६०. गॅप ४८ + ३६ − ६० = अधिक २४.

माणसाची लघवी: सोडियम ४६, पोटॅशियम १४, क्लोराइड ९८. गॅप ४६ + १४ − ९८ = उणे ३८.

माणसाची किडनी अमोनियम भरभरून सोडतेय. त्याचं बायकार्बोनेट जुलाबातून जातंय. बाईंच्या शरीरात तेवढंच आम्ल आहे, पण किडनी हललेली नाही. ॲसिडोसिस असताना अधिक २४ हे उत्तर निरोगी किडनीने द्यायलाच नको होतं.

पोटॅशियमकडेही एक नजर टाका. रक्तात पोटॅशियम इतकं कमी असताना किडनीने ते घट्ट धरून ठेवायला हवं. माणसाच्या लघवीत १४ आहे, म्हणजे ती काटकसर करतेय. बाईंच्या लघवीत ३६. किडनी पोटॅशियमही उधळतेय. दोन स्वतंत्र खुणा एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या की निदानाला वजन येतं.

आता लघवीचा पीएच. बाईंचा ६.८, माणसाचा ६.१. इथे हमखास चूक होते. रक्तात आम्ल असताना लघवीचा पीएच ५.५ च्या खाली जायला हवा. तो वर राहिला तर डिस्टल रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस, असं शिकवलेलं असतं. मग ६.१ पाहून जुलाबाच्या पेशंटवरही तोच शिक्का बसतो. पण पोटॅशियम कमी झालं की किडनी अमोनिया आणखी जास्त बनवते, तो अमोनिया हायड्रोजन टिपून घेतो आणि लघवीचा पीएच सहावर चढतो. म्हणजे पीएच वर गेलाय तो किडनी बिघडल्यामुळे नाही, ती जास्त काम करतेय म्हणून. लघवीत युरिया फोडणाऱ्या जंतूंचा संसर्ग असेल तर पीएच आणखीच निरुपयोगी ठरतो. नुसत्या लघवीच्या पीएचवर हे निदान करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी गॅप पाहावा, मग पीएच.

बाईंच्या बाबतीत दोन्ही जुळतात. अमोनियम कमी, तरीही पीएच ६.८. याचा अर्थ किडनीच्या शेवटच्या टप्प्यातल्या, कलेक्टिंग डक्टमधल्या पेशी हायड्रोजन बाहेर ढकलू शकत नाहीत. हाच डिस्टल प्रकार, टाइप वन. सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांत कॅल्शियम साठल्याचं दिसलं, तेही याच्याशी सुसंगत: आम्ल मुरवताना हाडांतून कॅल्शियम सुटतं, लघवीतलं सायट्रेट घटतं आणि अल्कधर्मी लघवीत कॅल्शियम फॉस्फेटचे खडे धरतात. विचारल्यावर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं आणि तोंड कोरडं पडतं, हेही त्यांनी सांगितलं. प्रौढ बाईत डिस्टल प्रकार दिसला की श्योग्रेन सिंड्रोमच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती शरीराच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते त्या आजाराच्या, तपासण्या करायच्याच असतात, आणि त्यांच्यात त्या पॉझिटिव्ह आल्या. अमोनियम क्लोराइड देऊन लघवी आंबट होते का हे पाहण्याची चाचणी पुस्तकात असते, पण बायकार्बोनेट १३ असताना शरीराने ती चाचणी आधीच घेऊन टाकलेली असते. वरून आणखी आम्ल पाजण्यात काही अर्थ नाही.

बाकीचे प्रकार, थोडक्यात

प्रॉक्सिमल प्रकारात, टाइप टूमध्ये, गाळलेलं बायकार्बोनेट परत शोषून घेण्याची ताकद कमी झालेली असते. बायकार्बोनेट बहुधा १२ ते २० च्या दरम्यान कुठेतरी स्थिरावतं, आणि तिथे पोचल्यावर लघवीचा पीएच ५.५ च्या खालीही जातो. इथे युरिन ॲनायन गॅप कधी निगेटिव्ह, कधी पॉझिटिव्ह येतो. त्यावर विसंबून राहू नये. रक्तातली साखर नॉर्मल असताना लघवीत साखर, शिवाय फॉस्फेटही वाहून जातंय, अशा खुणा शोधाव्यात.

टाइप फोर ओळखायला सोपा, कारण तिथे पोटॅशियम वाढलेलं असतं. अल्डोस्टेरोन कमी किंवा निष्प्रभ, पेशंट बऱ्याचदा मधुमेही, युरिन गॅप पॉझिटिव्ह, पण लघवीचा पीएच सहसा ५.५ च्या खाली. आणि क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर किडनी आजाराच्या मधल्या टप्प्यातही अमोनियम कमी पडून असंच चित्र दिसतं. त्याला रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस म्हणायचं नाही.

गॅप कुठे फसवतो

पहिली जागा: सुकलेला पेशंट. जुलाबाने शरीरातलं पाणी-मीठ इतकं गेलं की लघवीतलं सोडियम २० ते २५ च्या खाली आलं, तर नळीच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत सोडियम पोचतच नाही. तिथे सोडियम न मिळाल्यामुळे हायड्रोजन बाहेर ढकलायलाही अडथळा येतो. किडनी ठणठणीत असूनही ती डिस्टल प्रकारासारखी वागते. आपल्या माणसाच्या लघवीत सोडियम ४६ होतं म्हणून त्याचं उत्तर ग्राह्य धरता आलं. ते १० असतं तर आधी सलाइन देऊन मग लघवी पाहावी लागली असती.

दुसरी जागा: अमोनियम क्लोराइडऐवजी दुसऱ्याच कुणाबरोबर बाहेर जातोय. याचं गाजलेलं उदाहरण टोल्युइनचं. गोंद किंवा थिनर हुंगणाऱ्यांमध्ये पोटॅशियम खूप कमी, ॲनायन गॅप नॉर्मल, युरिन गॅप पॉझिटिव्ह असं दिसायचं आणि त्याला अनेक वर्षं डिस्टल प्रकार म्हटलं गेलं. प्रत्यक्षात टोल्युइनपासून शरीरात हिप्युरिक आम्ल बनतं. किडनी हिप्युरेट इतक्या वेगाने बाहेर टाकते की ते रक्तात साचत नाही, म्हणून रक्तातला गॅप नॉर्मल. लघवीत अमोनियम भरपूर असतो, पण हिप्युरेटसोबत. क्लोराइड वाढत नाही आणि युरिन गॅप आपल्याला खोटं सांगतो. कीटोॲसिडोसिसमध्येही लघवीतून कीटोन्स जाताना हेच होतं, म्हणून रक्तातला गॅप वाढलेला असताना युरिन गॅप काढूच नये.

असा संशय असेल तर भार मोजण्याऐवजी कण मोजायचे. लघवीची ऑस्मोलॅलिटी यंत्राने मोजायची आणि हिशेबाने आलेल्या आकड्याशी ताडून पाहायची. हिशेब असा: दोन गुणिले सोडियम अधिक पोटॅशियमची बेरीज, त्यात युरिया आणि ग्लुकोज, तेही मिलिमोलमध्ये. बाईंच्या बाबतीत ४८ आणि ३६ ची बेरीज ८४, दुप्पट १६८, युरिया १५०, ग्लुकोज शून्य, एकूण ३१८. मोजलेली ३९०. फरक ७२, आणि त्याचा साधारण अर्धा म्हणजे अमोनियम, सुमारे ३६. ॲसिडोसिसमध्ये हा फरक १५० च्या खाली असेल तर किडनी कमी पडतेय. माणसाचा हिशेब १२० अधिक युरिया २०० मिळून ३२०, आणि मोजलेली ५६०. फरक २४०, अमोनियम सुमारे १२०. अमोनियमसोबत कोण जातंय याच्याशी या पद्धतीला देणंघेणं नसतं, म्हणून टोल्युइनच्या पेशंटमध्येही ती खरं सांगते.

तिसरी जागा अगदी साधी आहे आणि म्हणूनच वारंवार चुकते: नमुना कधी घेतला. सोडा बायकार्ब सुरू झाल्यावर घेतलेल्या लघवीत सोडियम बायकार्बोनेटला घेऊन जातं, क्लोराइड मागे राहतो आणि गॅप पॉझिटिव्ह होतो. डाययुरेटिकचा डोस नुकताच गेला असेल तरी आकडे बिघडतात. रक्ताचा आणि लघवीचा नमुना एकाच वेळी, उपचार सुरू होण्याआधी घ्यावा. ब्लड गॅसमधलं बायकार्बोनेट मोजलेलं नसतं, पीएच आणि पीसीओटूवरून काढलेलं असतं. शिरेच्या रक्तात मोजलेल्या आकड्याशी ते तीन-चारने जुळत नसेल तर सिरिंजमध्ये हेपरिन जास्त राहिलंय का, हे आधी तपासावं.

बाईंच्या उपचारात क्रम महत्त्वाचा होता. ॲसिडोसिस दिसतोय म्हणून आधी सोडा दिला असता तर पोटॅशियम पेशींच्या आत शिरून २.४ वरून आणखी खाली गेलं असतं, आणि आधीच कमजोर असलेले श्वासाचे स्नायू बंद पडू शकले असते. म्हणून मॉनिटर लावून पोटॅशियम आधी दिलं, ते तीनच्या वर आल्यावर अल्कली सुरू केली. पुढे पोटॅशियम सायट्रेट, रोज वजनाच्या दर किलोमागे एक ते दोन मिलीइक्विव्हॅलंट, दिवसभरात विभागून. प्रॉक्सिमल प्रकारात याच्या कित्येक पट डोस लागतो, कारण दिलेलं बायकार्बोनेट लघवीतून गळत राहतं. फॉलोअपला रक्तातलं बायकार्बोनेट २२ ते २४ च्या आसपास आहे का, पोटॅशियम टिकलंय का आणि लघवीतलं सायट्रेट वाढलंय का, एवढं पाहायचं. युरिन ॲनायन गॅप मात्र आता पुन्हा पाठवायचा नाही: गोळ्यांतलं सायट्रेट शरीरात बायकार्बोनेट बनून पोटॅशियमसोबत लघवीत उतरतं, आणि उपचार चांगला लागू पडला असतानाही तो आकडा पॉझिटिव्हच येत राहतो.